मांडी मोडल्यानंतरची दुसरी रात्र

ऑर्थोपेडिक वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या रेसिडेंट डॉक्टरला सीनियर मंडळी पहिल्याच आठवड्यात काही गोष्टी पक्क्या सांगून ठेवतात. त्यातली एक साधारण अशी असते: मांडीचं हाड मोडलेला तरुण पोरगा रात्री बरळायला लागला, तर झोपेचं इंजेक्शन भरायच्या आधी त्याच्या बोटाला प्रोब लाव आणि ऑक्सिजन किती आहे ते बघ. या सूचनेमागे फॅट एम्बोलिझम सिंड्रोम नावाचा आजार आहे. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात मिसळते, फुप्फुसात आणि मेंदूत जाऊन बसते आणि काल ठीक असलेला माणूस आज आयसीयूत पोचतो.

हा आजार फार होत नाही. एकच लांब हाड मोडलं असेल तर शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी लोकांना. दोन्ही मांड्या एकदम मोडल्या की मात्र हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. झालाच, तर पाच ते पंधरा टक्के रुग्ण दगावतात, असे आकडे पाठ्यपुस्तकांत सापडतात. म्हणजे बहुसंख्य लोक वाचतात. मात्र त्यासाठी कुणीतरी वेळेत ओळखावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. कारण या आजाराची एक अशी चाचणी नाही, की जिचा रिपोर्ट आला आणि निदान झालं.

तो कसा येतो हे समजायला एक रुग्ण डोळ्यांसमोर धरू. हा कुणी एक खरा माणूस नव्हे. अशा रुग्णांमध्ये नेहमी दिसणारं चित्र इथे एका माणसावर बसवलं आहे. वय बावीस, उंची १७२ सेंटीमीटर. शनिवारी संध्याकाळी सातला मोटरसायकल घसरली, उजवी मांडी मधोमध मोडली. हेल्मेट होतं, डोक्याला मार नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावलं, पाय फळीला बांधला आणि तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. रस्ता खराब, आणि फळी अशी बांधलेली, की गाडीच्या प्रत्येक हिसक्याला हाडाची टोकं एकमेकांवर घासत होती. रात्री अकराला तो वॉर्डात पोचला. तेव्हा ऑक्सिजन ९८ टक्के, शुद्ध पूर्ण, छातीचा एक्स-रे स्वच्छ, हिमोग्लोबिन १२.८, प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. ऑपरेशन सोमवारी ठरलं.

रविवार बरा गेला. दुपारी त्याने उपमा खाल्ला, मित्रांशी फोनवर बोलला. संध्याकाळी थोडा ताप आला. हाड मोडल्यावर येतो तसा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. रात्री दोनच्या सुमारास शेजारी सतरंजीवर झोपलेल्या थोरल्या भावाला जाग आली. हा सलाईनची नळी ओढत होता. ‘‘मला घरी जायचंय, गाडी कुठे लावलीस?’’ असं पुन्हापुन्हा विचारत होता. भाऊ नर्सकडे गेला. ‘‘सिस्टर, हा काहीतरीच बडबडतोय. दुखतंय म्हणत नाही, पण मला ओळखत नाहीये.’’

अपघात होऊन तेव्हा एकतीस तास झाले होते.

या एकतीस तासांना महत्त्व आहे. फॅट एम्बोलिझम सिंड्रोमची लक्षणं बहुतेक वेळा मार लागल्यानंतर चोवीस ते बहात्तर तासांत दिसतात. पहिल्या बारा तासांत क्वचित, आणि तीन दिवस सुखरूप गेल्यावर तर फारच क्वचित. हे मधलं स्वस्थतेचं अंतर म्हणजे या आजाराची ओळखच आहे. डोक्याला मार लागला असेल तर माणूस बहुधा आधीपासून गुंगीत असतो. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते, ते सहसा काही दिवस पडून राहिल्यावर. चरबीचा घाला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडतो.

असं का, याचं उत्तर हाडाच्या आत आहे. मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडाची पोकळी पिवळ्या मज्जेने भरलेली असते आणि ही मज्जा म्हणजे बहुतांशी चरबीच. लहान मुलांच्या हाडात लाल मज्जा जास्त, म्हणून मुलांना हा आजार सहसा होत नाही. हाड मोडलं की चरबीच्या पेशी फुटतात, त्याच वेळी आतल्या बारीक शिरा फाटतात आणि साचलेल्या रक्तामुळे पोकळीतला दाब वाढतो. एरवी फाटलेली शीर आक्रसून बंद होते. हाडातल्या शिरा हाडालाच चिकटलेल्या असल्यामुळे उघड्या राहतात. दाबाखालची चरबी त्या उघड्या तोंडांतून आत शिरते आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यातून थेट फुप्फुसात जाते. हाडाची टोकं जितकी हलत राहतील तितका नवा माल आत ढकलला जातो. खराब रस्ता आणि सैल फळी यांचा उल्लेख वर केला तो उगाच नव्हे.

गंमत अशी, की चरबीचे कण रक्तात जाणं ही दुर्मीळ गोष्ट नाहीच. लांब हाड मोडलेल्या बहुतेक सगळ्यांच्या रक्तात ते सापडतात, आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. आजार व्हायला पुढची पायरी लागते. फुप्फुसात अडकलेल्या चरबीवर शरीरातलं लायपेज हे विकर काम करतं आणि तिच्यातून मोकळी मेदाम्लं सुटतात. ही आम्लं केशवाहिन्यांचं अस्तर जाळतात. तिथे सूज येते, वाहिन्या झिरपू लागतात, फुप्फुसाच्या पिशव्यांत पाणी भरतं. या सगळ्याला तास लागतात, म्हणून रुग्ण पहिला दिवस हसतखेळत काढतो. ‘नळी तुंबली’ म्हणणारा एक पक्ष आणि ‘रसायनांनी जाळलं’ म्हणणारा दुसरा, असा वाद वैद्यकात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून आहे. आज बहुतेक डॉक्टर दोन्ही गोष्टी खऱ्या धरतात.

ही चरबी माणसाच्या फुप्फुसात सर्वांत आधी पाहिली ती जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झेंकर यांनी, १८६२ मध्ये, रेल्वेच्या डब्यांमध्ये चिरडून मेलेल्या एका कामगाराच्या शवविच्छेदनात. जिवंत रुग्णात हे निदान करण्याचा मान सर्जन अर्न्स्ट फॉन बर्गमन यांच्याकडे जातो. १८७३ मध्ये छपरावरून पडून मांडी मोडलेला एक माणूस त्यांच्याकडे आला. त्याला धाप लागली, तो बेशुद्ध झाला आणि गेला. बर्गमन यांना हे ओळखता आलं, कारण तरुणपणी त्यांनी मांजरांच्या शिरेत तेलकट पदार्थ टोचून नेमकी हीच लक्षणं पाहिली होती.

आपल्या रुग्णाकडे येऊ. नर्सने प्रोब लावला तर आकडा ८८. श्वास मिनिटाला ३४, नाडी १२६, ताप ३८.४ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइटच्या थोडा वर. रेसिडेंटने ऑक्सिजनचा मास्क लावायच्या आधी मनगटातून धमनीचं रक्त घेतलं. त्यात ऑक्सिजनचा दाब ५८ आला. धडधाकट तरुणाचा तो ऐंशीच्या वर असायला हवा. भाऊ म्हणत होता तो ‘काहीतरीच बडबडणं’ दुखण्यामुळे नव्हतं, दारू सुटल्यामुळे नव्हतं आणि वेदनाशामक इंजेक्शनमुळेही नव्हतं. तिन्ही कारणं वॉर्डात नेहमीची असल्यामुळे तिथेच थांबण्याचा मोह मोठा असतो. झोपेचं इंजेक्शन दिलं असतं तर तो शांत झाला असता, श्वासही मंदावला असता, आणि सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

पहाटे डोक्याचा सीटी स्कॅन झाला. तो नॉर्मल आला. नातेवाइकांना हे कोडं वाटतं: माणूस ओळखत नाही आणि मेंदूचा फोटो चांगला कसा? कारण इथे एक मोठी वाहिनी बंद पडलेली नसते, असंख्य अगदी बारीक वाहिन्या तुंबलेल्या असतात आणि तितकं बारीक सीटीला दिसत नाही. एमआरआय केला तर मेंदूभर विखुरलेले चमकदार ठिपके दिसतात. डॉक्टर त्याला तारांगणाची उपमा देतात. पण इतका ऑक्सिजन कमी असलेल्या रुग्णाला एमआरआयच्या बोगद्यात अर्धा तास ठेवणं धोक्याचं असतं, म्हणून तो बहुधा रुग्ण स्थिरावल्यावर केला जातो. फुप्फुस ओलांडून चरबी मेंदूपर्यंत पोचते कशी, हाही प्रश्न रास्त आहे. काहींच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासूनचं एक छोटं छिद्र उघडं राहिलेलं असतं, तिथून ती थेट पलीकडे जाते. असं छिद्र नसलं, तरी लवचीक कण फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून आकार बदलत पुढे सरकू शकतात.

निदानासाठी डॉक्टर दोन जुन्या कसोट्या वापरतात. पहिली गर्ड यांची. ती १९७० मध्ये आली आणि १९७४ मध्ये विल्सन यांच्याबरोबर सुधारली गेली. तिच्यात तीन मोठी लक्षणं आहेत: श्वासाचा त्रास आणि ऑक्सिजन घसरणं, डोक्याला मार नसताना मेंदू गोंधळणं, आणि अंगावर बारीक लाल पुरळ. छोट्या लक्षणांत ताप, वेगाची नाडी, डोळ्याच्या पडद्यावरचे बदल, कावीळ, लघवी कमी होणं, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरणं, ईएसआर वाढणं, रक्तात चरबी दिसणं असं बरंच काही येतं. दोन मोठी लक्षणं, किंवा एक मोठं आणि चार छोटी असली, की निदान धरायचं.

दुसरी कसोटी शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. ती गुण देते. पुरळाला पाच, एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर पसरलेल्या धूसरपणाला चार, ऑक्सिजनचा दाब ७० च्या खाली असेल तर तीन. गोंधळलेपणा, ३८ अंश किंवा जास्त ताप, १२० किंवा जास्त नाडी आणि मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास यांना प्रत्येकी एक. बेरीज पाचाच्या वर गेली की फॅट एम्बोलिझम समजायचं.

आपल्या रुग्णाची बेरीज करून बघू. रात्री दोन वाजता ऑक्सिजनचे तीन, आणि गोंधळ, ताप, नाडी, श्वास यांचे मिळून चार, एकूण सात. निदान झालं? कागदावर हो. पण हीच गोची आहे. मांडी मोडलेल्या एखाद्याला न्यूमोनिया झाला, तरी हे सातही गुण त्याला बिनदिक्कत मिळतील. गर्ड यांच्या छोट्या लक्षणांचंही तेच. मोडलेल्या मांडीत लिटरभर रक्त सहज साचतं, त्यामुळे हिमोग्लोबिन तसंही घसरतं. ताप आणि नाडी तर जवळपास सगळ्यांचीच वाढते. खुद्द चरबीचे कण रक्तात किंवा लघवीत सापडले, तरी काही सिद्ध होत नाही, ते वर आलंच आहे. म्हणून अनुभवी डॉक्टर या कसोट्यांकडे पुरावा म्हणून बघत नाहीत. त्या आठवण करून देतात, की हा आजार मनात असू द्या. खरं काम वेगळंच असतं: गुठळीची शंका असेल तर छातीच्या रक्तवाहिन्यांचा सीटी, मेंदूतला रक्तस्राव नाही ना यासाठी डोक्याचा सीटी, बरगडी मोडून फुप्फुस दबलं नाही ना ते बघणं, संसर्ग शोधणं. हे सगळं वगळून जे उरतं ते निदान.

पुरळ मात्र जवळपास निर्णायक असतो, आणि म्हणून त्याला एकट्याला पाच गुण. तो निम्म्याच रुग्णांत, कधी त्याहूनही कमी लोकांत दिसतो आणि शोधला नाही तर सापडत नाही. टाचणीच्या टोकाएवढे लालसर ठिपके, बोटाने दाबले तरी न जाणारे. त्यांच्या जागाही ठरलेल्या आहेत: काख, मान, छातीचा वरचा भाग, खालच्या पापणीची आतली बाजू. पायांवर बहुधा नाहीत. यामागचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं, की दुधावर साय यावी तशी चरबी रक्तात वरच्या थरात तरंगते. उताण्या झोपलेल्या माणसात महाधमनीच्या कमानीतून वर निघणाऱ्या, डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या फांद्यांत ती आधी शिरते. सावळ्या कातडीवर हे ठिपके पटकन दिसत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे पापणी उलटून बघण्याला फार किंमत आहे. सोमवारी सकाळी दहाला राउंडवर आलेल्या डॉक्टरांनी त्याचा डावा हात वर उचलला, काखेत टॉर्च मारला, मग दोन्ही पापण्या खाली ओढल्या. ठिपके होते. पहाटेच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं बर्फ पडल्यासारखी पांढुरकी दिसत होती आणि प्लेटलेट एक लाख पाच हजारांवर आल्या होत्या. गुण सोळा झाले. चार-आठ तास आधी एवढं चित्र स्पष्ट नव्हतं, पण उपचार रात्रीच सुरू झाले होते. पुरळाची वाट बघत बसायचं नसतं, कारण तो बहुधा उशिरा येतो आणि काही दिवसांत मावळतोही.

उपचार म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावणं डॉक्टरांना सर्वांत जड जातं. ‘‘चरबी विरघळवायचं औषध द्या ना, कितीही महाग असू दे,’’ असं कळवळून म्हटलं जातं. असं औषध नाही. रक्त पातळ करणारं हेपॅरिन एकेकाळी या कामासाठी वापरत. पण ते लायपेजला चेव आणतं, म्हणजे जाळणारी आम्लं वाढण्याची भीती, शिवाय रक्तस्रावाचा धोका. तो नाद आता सुटला. लायपेजला आवर घालण्यासाठी शिरेतून अल्कोहोल देण्याचाही काळ होऊन गेला. अल्ब्युमिन मोकळ्या मेदाम्लांना बांधून ठेवतं, म्हणून ते द्यावं असं काही जण सुचवतात. तर्क चांगला आहे, पुरावा तोकडा.

मग उरतं ते शरीराला तगवणं. फुप्फुसातली ही जखम बहुधा काही दिवसांत आपोआप भरते. तोवर ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, एवढंच आयसीयूचं काम. ऐकायला सोपं, करायला कठीण. आधी मास्क, मग जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन. दाबाने हवा देणारा घट्ट मास्क उपयोगी पडतो, पण भान हरपलेला रुग्ण तो ओढून काढतो किंवा उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आपल्या रुग्णाचं तेच झालं आणि सोमवारी दुपारी त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. इथे एक बारकावा आहे. सुजलेल्या फुप्फुसात मोठे श्वास ढकलले तर ते आणखी फाटतं. म्हणून प्रत्येक श्वास वजनाच्या दर किलोमागे सुमारे सहा मिलिलिटर एवढाच द्यायचा, आणि वजनही काट्यावरचं नव्हे, उंचीवरून काढलेलं. १७२ सेंटीमीटरच्या पुरुषाचं ते ६८ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे एका श्वासाला साधारण ४०० मिलिलिटर. माणूस जाडजूड असला तरी फुप्फुस उंचीप्रमाणेच असतं.

सलाईनचा तोलही असाच. मांडीत रक्त साचल्यामुळे शरीरात द्रव कमी पडलेला असतो. तो भरून काढला नाही तर रक्तदाब कोसळतो आणि फुप्फुसांचं नुकसान वाढतं. पण भरमसाट दिला तर तो झिरपणाऱ्या वाहिन्यांतून फुप्फुसातच उतरतो. दर तासाची लघवी, रक्तदाब आणि रक्तातलं लॅक्टेट बघत थोडं थोडं द्यायचं. रात्रपाळीची नर्स लघवीच्या पिशवीवरचा आकडा तासातासाला तक्त्यात लिहिते, ते यासाठी.

स्टिरॉइडचा वाद अजून मिटलेला नाही. शोनफेल्ड यांच्या त्याच अभ्यासात मिथाइलप्रेडनिसोलोन आधीच दिलेल्या २१ जणांपैकी कुणालाही आजार झाला नाही. न दिलेल्या ४१ पैकी नऊ जणांना झाला. आकडे मोहात पाडणारे आहेत. नंतर असे छोटे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा आजार कमी झालेला दिसला, पण मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. ज्या आजारातून बहुतेक लोक नुसत्या ऑक्सिजनवर बरे होतात, तो टाळण्यासाठी शंभरांतल्या नव्व्याण्णव जणांना विनाकारण स्टिरॉइड द्यायचं का, असा सवाल त्यातून उरतो, आणि बहुतेक ठिकाणी सरसकट दिलं जात नाही. आजार झाल्यावर दिलेल्या स्टिरॉइडने फायदा होतो याचा भक्कम पुरावा तर नाहीच.

ज्याने खरोखर फरक पडतो ते म्हणजे हाड लवकर स्थिर करणं. अपघाताच्या जागीच पाय नीट खेचून थॉमस स्प्लिंटमध्ये बांधला, तर टोकं घासायची थांबतात. पुढे रुग्ण ठणठणीत असेल तर चोवीस तासांच्या आत ऑपरेशन करून हाड जोडावं, असा अनेक ठिकाणांचा दंडक आहे. मोडका पाय वजन बांधून आठवडाभर लटकत ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत फुप्फुसांचे त्रास जास्त होत. शनिवारी रात्री अकराला आलेल्या रुग्णाचं ऑपरेशन सोमवारी ठरण्याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच असतं: रविवारी नियमित शस्त्रक्रियांची यादी नसते.

पण ऑपरेशनचीही एक बाजू आहे. मांडीच्या हाडात रॉड घालण्यासाठी पोकळी आधी रीमरने कोरावी लागते. त्या वेळी आतला दाब पुन्हा वाढतो आणि चरबीची नवी खेप रक्तात जाते. काहींना आजार होतो तो अपघातानंतर नव्हे, रॉड घातल्यानंतरच्या दिवशी. म्हणून फुप्फुस आधीच झिरपत असताना रॉडचा हट्ट धरायचा नाही. आपल्या रुग्णाला आयसीयूत असतानाच, मंगळवारी, बाहेरून पिना आणि सळई लावून हाड तात्पुरतं पक्कं केलं. अशा बाह्य फिक्सेटरला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि मज्जेची पोकळी कोरावी लागत नाही. शुक्रवारी व्हेंटिलेटर निघाला. त्याला भाऊ ओळखू आला, पण वार सांगता येईना. असं विसरणं काही दिवस, कधी काही आठवडे चालतं आणि बहुतेकांचं भरून येतं. ऑक्सिजन काढूनही सॅच्युरेशन ९६ टिकल्यावर, दहाव्या दिवशी, फिक्सेटर काढून रॉड घातला.

दोन्ही मांड्या मोडलेल्या रुग्णात हा हिशेब आणखी नाजूक होतो. एकाच भुलीत दोन्ही रॉड घालायचे का, यावर ऑपरेशनच्या टेबलाजवळ खडाजंगी होते. अनेक सर्जन एक बाजू करतात, भूलतज्ज्ञाला धमनीतलं रक्त पुन्हा तपासायला सांगतात, आणि तो आकडा हातात आल्यावरच दुसरी मांडी धुवायला घ्यायची की फिक्सेटर लावून बाहेर पडायचं ते ठरवतात.